वेदनेच्या रकान्यातला तीन : परिचर्या शिक्षण समितीला खुले पत्र

माननीय समिती सदस्य,

आपल्या निरंतर शिक्षण अभ्यासक्रमाचा शेवटचा स्वाध्याय माझ्यासमोर आहे. प्रश्न क्रमांक ४ असा आहे : ‘करुणेचा थकवा टाळण्यासाठी तुम्ही स्वतःची काळजी कशी घेता? पाच पद्धती लिहा व त्यावर आत्मचिंतन करा.’ खाली पाच रेषा आखून दिल्या आहेत. माझ्या बॅचच्या बऱ्याच जणींनी त्या दहा मिनिटांत भरून टाकल्या. पुरेशी झोप, व्यायाम, दीर्घ श्वसन, छंद, कुटुंबासोबत वेळ. मीही तेच लिहिणार होते. पहिल्या रेषेवर ‘पुरेशी झोप’ लिहिलं, आणि सलग चौथी नाइट करून आलेय हे आठवून ते खोडलं. म्हणून आत्मचिंतनाऐवजी हे पत्र. यालाच माझा निबंध समजावा.

मी सतरा वर्षं अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स आहे. जे सांगायचंय ते एका रात्रीचं आहे, तेव्हा आधी ती रात्रच सांगते.

सहा नंबर बेडवर एक बाई होती, वय एकतीस. व्हेंटिलेटरवर तिचा एकोणिसावा दिवस होता आणि त्यातल्या अकरा ड्यूट्या माझ्या होत्या. तिच्या केसांत गुंता होऊ नये म्हणून मी दोन वेण्या घालायचे. तिच्या नवऱ्याला आमच्या मॉनिटरवरचे आकडे पाठ झाले होते. आत आला की माझ्याआधी तोच ऑक्सिजनचा आकडा वाचायचा. पहाटे २ वाजून ३६ मिनिटांनी तिचं हृदय थांबलं. चौतीस मिनिटं सीपीआर केला. मी आणि माझी जोडीदार, दोघी आळीपाळीने छातीवर होतो. ३ वाजून १० मिनिटांनी डॉक्टरांनी वेळ जाहीर केली आणि ते नातेवाइकांशी बोलायला बाहेर गेले. आम्ही नळ्या काढल्या, अंग पुसलं, वेण्या सारख्या केल्या, कागद पुरे केले. ४ वाजून ५ मिनिटांनी त्याच बेडवर पुढचा पेशंट आला. गादी पुसलेली होती, पण अजून ओलसर होती.

नव्या पेशंटचा मुलगा दाराशी उभा होता. त्याने विचारलं, ‘सिस्टर, बाबा वाचतील ना?’ मी म्हणाले, ‘आधी संमतीपत्रावर सही करा.’ आवाज चढवला नाही, वैतागले नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. सकाळी हँडओव्हर देताना मी त्या बाईचे एकोणीस दिवस चार वाक्यांत सांगितले. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, ‘तू किती शांतपणे सांभाळतेस गं!’ ही शाबासकी मी खरी मानली.

आपल्या पाठ्यपुस्तिकेत करुणेच्या थकव्याची लक्षणं दिली आहेत : रडू येणं, चिडचिड, झोप न लागणं. माझ्यात यातलं काहीच नव्हतं. उलट मी जास्त चटपटीत झाले होते. कामं वेळेत व्हायची, कागद स्वच्छ असायचे. त्यामुळे कुणाला कळलं नाही, मलाही नाही. कळलं ते अपघाताने, तीन महिन्यांनी.

नोंदींच्या तपासणीसाठी मला माझेच जुने चार्ट काढावे लागले. आपण दर पाळीत पेशंटची वेदना नोंदवतो. ज्यांना बोलता येतं त्यांना विचारून, शून्य ते दहा, आणि ज्यांना येत नाही त्यांच्या चेहऱ्यावरून, हातापायांच्या ताठरपणावरून, व्हेंटिलेटरशी झगडतात का यावरून. बोलू शकणाऱ्या पेशंटांच्या माझ्या तेवीस नोंदी समोर होत्या. त्यातल्या एकोणीस ठिकाणी आकडा एकच होता : ३. ताजी शस्त्रक्रिया झालेल्या माणसालाही ३, बरगडी मोडलेल्यालाही ३, उद्या वॉर्डात जाणाऱ्यालाही ३. मग सहा नंबरच्या त्या रात्रीच्या आधीचे चार्ट काढले. तिथे २ होते, ७ होते, ५ होते, एका ठिकाणी ९ होता आणि त्याच्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘डॉक्टरांना दोनदा फोन केला.’

आपण सगळ्याजणी या धंद्यातल्या आहोत, त्यामुळे तीनच का, हे वेगळं सांगायला नको. शून्य लिहिलं तर खोटं वाटतं. चार किंवा जास्त लिहिलं की पुढची साखळी सुरू होते : औषध द्या, नाहीतर डॉक्टरांना कळवा, शिरेतून दिलं असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि तोंडाने दिलं असेल तर तासाभराने परत जाऊन विचारा. परत जाऊन विचारायचं म्हणजे पलंगाजवळ उभं राहून त्या माणसाच्या तोंडाकडे पाहायचं. तीन हा आकडा त्यातून सुटका करतो. मी आळस केला नव्हता. त्या काळात माझी एकही औषधाची वेळ चुकलेली नाही. मी फक्त विचारणं सोडून दिलं होतं, कारण उत्तर ऐकायची ताकद उरली नव्हती. त्या एकोणीसपैकी किती जणांना खरोखर दुखत होतं हे आता कधीच कळणार नाही.

म्हणून माझी पहिली सूचना साधी आहे. हा थकवा ओळखायचा असेल तर बाईला ‘तुला कसं वाटतंय’ असं विचारू नका, ती ‘बरी आहे’ म्हणेल. तिला तिच्या मागच्या दहा पाळ्यांचे चार्ट काढून वाचायला द्या. जिथे माणसाला विचारल्याशिवाय लिहिता येत नाही अशा जागा बघायला सांगा : वेदनेचा आकडा, रात्रीची झोप, नातेवाइकांशी झालेलं बोलणं. तिथे एकच आकडा आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा उतरत असेल तर काहीतरी बंद पडलंय. आणि हे वाचन तिचं तिलाच करू द्या. तपासनिसाने केलं तर दुसऱ्या दिवसापासून आकडे विविध दिसू लागतील आणि पेशंटला त्याचा काहीही फायदा होणार नाही.

आता शब्दाबद्दल थोडं. नर्सिंगच्या लेखनात ‘कंपॅशन फटीग’ हा शब्द पहिल्यांदा १९९२ साली कार्ला जॉइन्सन यांनी वापरला, तोही आपल्यासारख्याच रुग्णालयातल्या नर्सेसबद्दल. पुढे १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिग्ली यांनी दुसऱ्याच्या आघाताचा आपल्यावर उमटणारा आघात असा त्याचा अर्थ नेमका केला. पुस्तिकेत मात्र या शब्दाच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत, आणि उपाय तिघींना एकच दिलाय.

पहिली गोष्ट बर्नआउट. ती हळूहळू चढते. कामाचा बोजा, अपुरा स्टाफ, न संपणारे कागद यातून येते. दुसरी म्हणजे हा उसना आघात. तो एखाद्या घटनेपासून अचानकही सुरू होतो. चित्रं डोळ्यांसमोर येतात, आवाजाने दचकायला होतं, काही जागा टाळल्या जातात. तिसरीला नैतिक कुचंबणा म्हणता येईल. तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नर्सेसच्या संदर्भातच ती मांडली : योग्य काय ते कळतंय, पण व्यवस्था ते करू देत नाही. सहा नंबरच्या बाईच्या शेवटच्या आठवड्यात तिला अजून किती टोचायचं, हा प्रश्न मला रोज पडत होता, आणि तो विचारायची जागा मला नव्हती. ती तिसरी गोष्ट होती.

या तिन्ही माझ्यात एकदम होत्या. त्यांना वेगळं करायची एक कसोटी मला नंतर सापडली, तीही अनुभवातून : रजेवरून परत आल्यावर काय उरतं ते पाहायचं. मी पंधरा दिवसांची रजा घेतली. थकवा उतरला, पाठ दुखायची थांबली, पहिल्या दिवशी उत्साहाने ड्यूटीवर गेले. पण बेडवाटपात सहा नंबर आला की मी तो बदलून मागत होते. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की शेजारचीला कळेल इतकी दचकत होते. रजेने जे उतरलं तो बर्नआउटचा भाग होता, जे उरलं तो आघात. बर्नआउटवर माणसं आणि सुट्टी हा उपाय आहे, आघातावर नाही. आणि नैतिक कुचंबणेवर तर सुट्टी उलटी पडते, कारण आपण नसताना तिथे काय चाललं असेल याचाच विचार मागे लागतो.

आपण अभ्यासक्रमात प्रोक्वॉल ही प्रश्नावली भरून घेतली, याबद्दल आभार. बेथ हडनॉल स्टॅम यांची ही प्रश्नावली वापरण्यासारखी आहे. तीस विधानं, गेल्या तीस दिवसांत प्रत्येक गोष्ट किती वेळा घडली याला एक ते पाच गुण, आणि त्यातून तीन वेगळ्या बेरजा : कामातून मिळणारं समाधान, बर्नआउट, आणि दुय्यम आघात. प्रत्येक बेरीज दहा विधानांची. २२ किंवा कमी म्हणजे कमी, २३ ते ४१ मध्यम, ४२ किंवा जास्त म्हणजे जास्त. तिन्हींची एकत्र बेरीज करायची नसते, कारण समाधान वाढणं चांगलं आणि उरलेल्या दोन वाढणं वाईट. आपल्या वर्गात दोघींनी ती एकत्र केली होती आणि त्यावर ‘चांगले’ असा शेराही मिळाला होता. बर्नआउटच्या दहापैकी पाच विधानं सरळ चांगली आहेत, उदाहरणार्थ ‘मी आनंदी आहे’, त्यांचे गुण उलटवून घ्यायचे असतात. तेही निम्म्या वर्गाने केलं नव्हतं. ही वाक्यं मी खवचटपणे लिहीत नाही, पहिल्या वेळी मीही उलटवले नव्हते.

माझी आघाताची बेरीज २९ आली. मध्यम. शेरा होता, ‘मर्यादेत आहे, स्वतःची काळजी घेत राहा.’ आता ती २९ उघडून पाहा. मदत केलेल्या एकाहून अधिक माणसांचेच विचार मनात घोळतात : ३. अचानक आवाजाने दचकते : ५. काम आणि घर वेगळं ठेवणं जड जातं : ४. काही प्रसंगांची आठवण होईल म्हणून ठरावीक गोष्टी टाळते : ४. मनात नको ते भीतिदायक विचार शिरतात : ३. उरलेल्या पाच विधानांना प्रत्येकी २, म्हणजे १०. झाले २९. बेरीज मध्यम आहे, पण दचकण्याला पाचपैकी पाच आणि टाळण्याला चार आहेत. त्या पाच दुग्यांनी सगळं झाकून टाकलं. ही प्रश्नावली निदान करत नाही, कुठे बोलायला हवं ते दाखवते. तेव्हा बेरीज बघून कागद फाइलला लावण्यापेक्षा चार-पाच गुण मिळालेल्या विधानांवर बोट ठेवून ‘हे कधीपासून?’ एवढं विचारलं असतं, तर मी त्या दिवशीच सांगितलं असतं. अर्थात, विचारणारी माझा वार्षिक अहवाल लिहिणारी नसती तर.

आता उपायांकडे येते, कारण पाच रेषा तिथेच आहेत.

व्यायाम आणि झोप यांना माझा विरोध नाही. पण या दोन्ही गोष्टी ड्यूटी संपल्यावर, घरी, स्वतःच्या वेळात करायच्या. जे बिघडतं ते मात्र ड्यूटीत बिघडतं, ३ वाजून १० मिनिटांपासून ४ वाजून ५ मिनिटांपर्यंत. त्या पंचावन्न मिनिटांत काय झालं असतं तर मी त्या मुलाकडे पाहिलं असतं? गेल्या दीड वर्षात आमच्या विभागात तीन गोष्टी करून पाहिल्या. त्या जशा घडल्या तशा सांगते, फसलेल्या जागांसकट.

पहिली गोष्ट थांबण्याची. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टेल्स नावाच्या नर्सने मृत्यूनंतर काही क्षण सगळ्यांनी एकत्र स्तब्ध उभं राहण्याची प्रथा सुरू केली. ती ‘द पॉज’ या नावाने बऱ्याच ठिकाणी पसरली. आम्ही ती आमच्या बोलीत आणली. वेळ जाहीर झाली की, नळ्या काढायच्या आधी, कुणीही एकजण म्हणतो : ‘जरा थांबूया. या कुणाची तरी मुलगी होत्या, कुणाची तरी बायको होत्या. आपण सगळ्यांनी प्रयत्न केले. पाऊण मिनिट शांत उभं राहू.’ पंचेचाळीस सेकंद, घड्याळ लावून नाही. मग ‘धन्यवाद’, आणि काम पुढे. पेशंटबद्दल जे ठाऊक असेल तेच बोलायचं. प्रार्थना नाही, भाषण नाही. ज्याला उभं राहायचं नाही त्याने बाहेर जायचं, कुणी विचारायचं नाही. शेजारच्या बेडवरचा पेशंट कोसळत असेल तर थांबणं सोडून द्यायचं.

आमचं दोन ठिकाणी फसलं. सुरुवातीला डॉक्टर वेळ सांगून लगेच निघून जायचे आणि उभ्या राहायच्या त्या फक्त आम्ही. मग एका निवासी डॉक्टरलाच ते वाक्य म्हणायला सांगितलं, तेव्हापासून तो थांबायला लागला. दुसरं, इन्चार्जने ते वाक्य छापून भिंतीवर लावलं आणि सगळ्याजणी ते वाचून म्हणायला लागल्या. महिन्याभरात त्याची हजेरी झाली. कागद काढून टाकला.

पंचेचाळीस सेकंदांनी दुःख कमी होत नाही. माझ्या बाबतीत झालं ते इतकंच की मृत्यू ही एक घडलेली गोष्ट म्हणून नोंदली गेली, कामाच्या यादीतली एक ओळ म्हणून नाही. मनोविश्लेषक इझाबेल मेंझीस यांनी १९६० मध्ये लंडनच्या एका शिक्षण रुग्णालयातल्या नर्सेसचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तिथे पेशंटला नावाने नाही तर बेड नंबर आणि अवयव यांनी हाक मारली जायची, ‘दहा नंबरचं लिव्हर’ अशी. त्यांचं म्हणणं होतं की कामाचे तुकडे करणं, नावं टाळणं, सगळं यादीत बसवणं हे नर्सेसच्या कठोरपणामुळे होत नाही. मृत्यूच्या भीतीपासून वाचायला रुग्णालयानेच उभी केलेली ती तटबंदी आहे, आणि तिच्यामुळे भीती कमी होत नाही, फक्त काम निर्जीव होतं. हे वाचताना मला माझं ‘सहा नंबर’ ऐकू आलं. या पत्रातही तिला मी सहा नंबरच म्हणतेय. इथे ते तिची ओळख जपण्यासाठी आहे, पण जीभ किती सहज वळली ते लक्षात आलं.

दुसरी गोष्ट वाटपाची. जिच्या पेशंटचा मृत्यू झाला तिला त्याच बेडवरची पुढची भरती द्यायची नाही, निदान अर्धा तास. बेड कुणीतरी दुसरी घेईल आणि ती दुसरीचे स्थिर पेशंट सांभाळेल. याला जादा माणूस लागत नाही, फक्त अदलाबदल लागते. नाइटला दोघीच असू तर हे जमत नाही, तेव्हा आम्ही आपत्कालीन विभागाला फोन करून भरती वीस मिनिटं थोपवता येते का ते विचारतो. कधी येते, कधी नाही. अभ्यासक्रमात ज्याला स्वतःची काळजी म्हटलंय त्यातला हा सर्वांत कामाचा भाग, आणि तो ‘स्वतः’ करता येत नाही. तो इन्चार्जलाच करावा लागतो.

तिसरी गोष्ट बोलण्याची, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आपण बहुतेकजणी बोलूनच एकमेकींना जखमी करतो. बदलण्याच्या खोलीत आल्या आल्या आपण सगळं ओततो : किती रक्त होतं, मूल कसं ओरडलं, वास कसा होता. सांगणारी हलकी होते असं तिला वाटतं, ऐकणारी ते चित्र घेऊन पाळीवर जाते. फ्रान्स्वाज मॅथ्यू या समुपदेशिकेने यावर एक पद्धत सुचवली आहे, तिला कमी इजा करणारं बोलणं म्हणता येईल. आधी आपण किती तपशील ओततो ते स्वतःच्या ध्यानात आणायचं. मग पूर्वसूचना, मग परवानगी, आणि मग फक्त गरजेपुरतं सांगणं. आमच्याकडे ते असं होतं :

‘अगं, रात्रीचं एक सांगायचंय. मृत्यूचं आहे, लहान मुलाचं. आत्ता ऐकशील?’

‘आत्ता नको गं, माझ्याकडे तेवढ्याच वयाचा पेशंट आहे. दोनला सुटले की फोन करते.’

आणि दोनला ती खरंच फोन करते. तेव्हा जखमेचं वर्णन लागतच नाही. ‘त्याची आई माझा हात सोडत नव्हती आणि मला दुसऱ्या पेशंटचं औषध द्यायला जायचं होतं’, एवढंच बाहेर यायचं असतं. ‘आत्ता नको’ म्हणायची मुभा आहे म्हणून ‘हो’ला अर्थ येतो. सुरुवातीला ‘आत्ता नको’ ऐकून दोघीजणी रुसल्या, हेही सांगायला हवं.

याच कारणाने एक विनंती. मोठी घटना झाली की सगळ्यांना सभागृहात बसवून ‘मन मोकळं करा’ असं सांगायचं एकच सक्तीचं सत्र ठेवू नका. आघातानंतरच्या अशा एकाच बैठकीच्या डिब्रीफिंगचा, वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात अभ्यास झालाय. पुढे आघातोत्तर विकार होणं त्याने टळत नाही, आणि आढावाकर्त्यांनी ते सक्तीने करू नये असंच म्हटलंय. ज्याला बोलायचंय त्याला जागा हवी, ज्याला नाही त्याला घरी जाऊ द्यावं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र स्वतः करायची. मेंदूच्या अभ्यासक तान्या सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या प्रयोगांत माणसांना दुःखाचे व्हिडिओ दाखवले. दुसऱ्याचं दुःख आपलं मानून अनुभवायचं शिक्षण दिल्यावर त्यांच्या नकारात्मक भावना वाढल्या. पुढे करुणेचं, म्हणजे त्या माणसाबद्दल आस्था आणि त्याचं भलं व्हावं या इच्छेचं शिक्षण दिल्यावर सकारात्मक भावना वाढल्या, आणि मेंदूतली वेगळी जाळी कामाला लागली. या अर्थाने करुणेचा थकवा हे नावच चुकलंय, थकवते ती सहवेदना. हे प्रयोग निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोगशाळेत झाले, बारा तासांची पाळी केलेल्या नर्सवर नाही. त्यामुळे मी त्यातून एकच गोष्ट उचलली. पलंगाशी उभी असताना ‘ही माझी बहीण असती तर’ हा विचार सुरू झाला की मी तो पुढे जाऊ देत नाही. पाय जमिनीवर आहेत हे पाहते, एक श्वास सावकाश सोडते आणि स्वतःला विचारते : आत्ता या माणसाला कशाने बरं वाटेल? बहुतेक वेळा उत्तर अगदी लहान असतं. ओठ कोरडे आहेत, उशी सरकली आहे, कॅथेटर ओढला जातोय. ते करायचं, पुन्हा चेहऱ्याकडे पाहायचं, आणि वेदना किती आहे ते विचारायचं. दीर्घ श्वसनाची माझ्या दृष्टीने एवढीच जागा आहे, प्रश्न विचारण्याआधीचा एक श्वास. हे रोज जमत नाही. सलग तिसऱ्या नाइटला तर नाहीच.

आणि या सगळ्याच्या पलीकडची एक रेघ आहे, ती पुस्तिकेत नाही आणि असायला हवी. चित्रं, दचकणं, टाळणं, मोडलेली झोप महिन्याहून जास्त चाललं तर तो मैत्रिणींनी सोडवायचा प्रश्न राहत नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचा असतो. वॉर्डाच्या कपाटातली झोपेची गोळी एकदा जरी स्वतःसाठी उचलावीशी वाटली, तर महिनाही थांबायचं नाही. जगण्यात अर्थ नाही असा विचार आला तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांगायचं. मी पाचव्या महिन्यात गेले. नऊ बैठका झाल्या. सहा नंबरवर पुन्हा काम करायला लागले ते सातव्या बैठकीनंतर, आणि पहिल्या दिवशी माझी जोडीदार न सांगता शेजारच्या बेडवर उभी राहिली.

आता मागण्या. प्रश्नावलीचे गुण आमच्या सेवापुस्तकाला जोडू नका, ते आमच्याजवळच राहू द्या. तीन महिन्यांनी पुन्हा भरायला सांगा, कारण एकदाच काढलेला आकडा काहीच सांगत नाही. इन्चार्ज सिस्टरांच्या प्रशिक्षणात मृत्यूनंतरच्या वाटपाचा एक तास घाला, तिथे पोस्टरपेक्षा जास्त काम होईल. आणि प्रश्न क्रमांक ४ बदला. ‘तुम्ही कोणत्या पद्धती वापरता’ याऐवजी ‘तुमच्या मागच्या पाळीत मृत्यू झाला तेव्हा पुढच्या एका तासात कोण काय करत होतं’ असं विचारा. उत्तर लिहायला पाच रेषा पुरणार नाहीत.

मूळ स्वाध्यायातल्या रेषा मी रिकाम्या ठेवल्या आहेत. पहिलीवर खोडलेलं ‘पुरेशी झोप’ तेवढं दिसेल. गुण कापायचे असतील तर कापावेत. सोबत माझ्या गेल्या आठवड्यातल्या वेदनेच्या नोंदी जोडते आहे, पेशंटची नावं झाकून. ६, २, ४, ०, ८, ३, ५, ७, २. त्यातला तीन खरा आहे. विचारून लिहिलाय.

आपली,
अतिदक्षता विभागातील एक परिचारिका